दारावर आलेली माणसं

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात मी एका सरकारी वकिलांच्या हाताखाली काम शिकत होते. काम शिकणं म्हणजे साहेबांची पुस्तकं उचलणं, तारखा लिहून घेणं आणि बाररूममध्ये कुणी 'बाई, चहा सांगा' म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करणं. तिसरी गोष्ट मी सगळ्यात लवकर शिकले.

चांदवडकडच्या एका गावातलं खुनाचं प्रकरण आमच्याकडे होतं. पाटाच्या पाण्यावरून एका मोठ्या बागायतदाराने सालगड्याला मरेस्तोवर मारलं, असा आरोप. मारताना पाहिलं ते एका विधवा बाईने. बाकीच्यांनीही पाहिलं असणार, पण त्या वेळी सगळ्या गावाची पाठ तिकडे होती म्हणे. बागायतदाराला सेशन कोर्टाने जामीन दिला होता. अट एवढीच, की साक्षीदारांवर दबाव आणायचा नाही. तो दबाव आणतोय म्हणून जामीन रद्द करावा, असा अर्ज सरकारतर्फे त्याच कोर्टात आम्ही दिला.

अर्जासोबत बाईचा आणि तिच्या दोन शेजाऱ्यांचा पोलिसांनी घेतलेले जबाब होते. तिन्ही जबाब वाचून साहेबांनी कपाळाला हात लावला. 'आरोपीने चाकू दाखवून, साक्ष दिल्यास जिवे ठार मारीन असा दम दिला.' तिघांचं वाक्य तेच, तेवढंच. त्या फौजदाराकडे दम देण्याचं हे एकच वाक्य होतं आणि गेली कित्येक वर्षं तालुक्यातले सगळे गुंड तेच बोलत होते. पण हातात दुसरं काही नव्हतं. कोर्टाने आरोपीला नोटीस काढली.

तारखेला आरोपी हजर झाला. पांढरंशुभ्र धोतर, कडक इस्त्रीची टोपी, चेहरा असा की याच्या हस्ते शाळेचं उद्घाटन करावं. त्याच्या वकिलाचा आवाज त्याच्या फीला शोभेल असा होता. त्याने आधी आमचे तिन्ही जबाब एकापाठोपाठ वाचून दाखवले. तिसऱ्याला कोर्टाचा शिपाईसुद्धा हसला. मग त्याने आरोपीचं प्रतिज्ञापत्र वाचायला घेतलं.

चाकूबिकू सगळं खोटं, असं त्यात होतं. आरोपी गावातला वडीलधारा माणूस. गावातल्या चार प्रतिष्ठितांना घेऊन तो बाईच्या घरी निव्वळ विचारपूस करायला गेला. सगळे ओट्यावर खाली मान घालून शांत बसले. कुणी आवाज चढवला नाही, कुणी चहासुद्धा घेतला नाही. एकाने फक्त 'धीर धरा' म्हटलं आणि सगळे मुकाट्याने निघून गेले. यात धमकी कुठे आली?

माझ्या शेजारी बाई बसली होती. प्रत्येक वाक्याला ती मान डोलावत होती. आमची साक्षीदार, आमच्या बाकावर बसून, विरुद्ध बाजूला दाद देत होती. मी तिला कोपराने ढोसलं तर ती हळूच म्हणाली, "खरं हाय त्ये. असंच झालं."

साहेबांनी कशीबशी पुढची तारीख मागून घेतली. न्यायाधीश आमच्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती मला अजून आठवते. बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी बाईवर उखडलेच. चाकू नव्हता तर जबाबावर अंगठा का दिला? तिने माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं आणि मग बाकावर बसून सांगितलं.

"पोरी, माझा पोरगा ओझरला कारखान्यात कामाला हाय. एकुलता. ह्ये पाच जण आले, ओट्यावर बसले. पाणी नाय, चहा नाय. मान खाली. उठले तर 'येतो' बी म्हनले नाय. मी म्हनलं, माझं पोरगं गेलं."

ती बोलायची थांबायच्या आधीच मला उलगडलं होतं. आपल्याकडे कुणाच्या घरी माणूस गेलं की लोक दारावर येतात. असेच बसतात, चहा घेत नाहीत, आणि निघताना 'येतो' म्हणत नाहीत. त्या घरी पुन्हा तशा कामाला यायचं नसतं म्हणून. हे पाच जण जिवंत मुलाच्या दारावर आले होते. बाईने चुलीवरचं तसंच टाकलं, एसटी पकडली आणि ओझरला कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. पाळी सुटल्यावर मुलगा बाहेर आला, तो चांगला धडधाकट, आणि चार मित्रांसमोर आई गळ्यात पडून रडली म्हणून तिच्यावरच चिडला.

हे सगळं तिने फौजदाराला सांगितलं होतं. तो म्हणाला, बसणं हा काही गुन्हा नाही. आणि त्याने आपल्याकडून चाकू घातला, वाचून न दाखवताच अंगठा घेतला. मला त्या माणसाचा असा संताप आला, की तो समोर असता तर त्याच्यावर खरोखरचं एखादं कलम लागेल असं काहीतरी मी केलं असतं.

साहेबांनी तिथेच ठरवलं. बाईचं नवं प्रतिज्ञापत्र केलं, जसं घडलं तसं, चाकू वगळून. ते मी तिला वाचून दाखवलं आणि कोर्टाच्या अधिकाऱ्यासमोर तिने अंगठा केला. पुढच्या तारखेला साहेब उभे राहिले आणि सरळ म्हणाले, की पोलिसांच्या जबाबातल्या चाकूवर आम्ही भिस्त ठेवत नाही. आमची भिस्त आरोपीच्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर आहे. समोरचा वकील उठलाच. साक्षीदार जबाब फिरवते, हिच्यावर विश्वास कसा ठेवायचा, वगैरे. त्यात चूक काहीच नव्हती.

न्यायाधीशांनी त्याला पुरतं बोलू दिलं. मग विचारलं, "तुमचे अशील सहज विचारपूस करायला गेले, तर चहा का नाही घेतला?"

वकील म्हणाला, अशिलांना पित्ताचा त्रास आहे, डॉक्टरांनी चहा बंद केलाय.

"पाचही जणांना?"

शिपाई पुन्हा हसला, पण या वेळी आमच्या बाजूने. मग न्यायाधीशांनी 'धीर धरा' कशासाठी म्हटलं, तेही विचारलं. बाईच्या घरी त्या दिवशी कोणतं संकट आलं होतं? वकिलाने आरोपीकडे पाहिलं. आरोपी टोपी सारखी करत बसला.

निकाल दोन दिवसांनी झाला. जामीन रद्द करताना खटल्याइतका पक्का पुरावा लागत नाही, आरोपी मिळालेल्या मोकळिकीचा गैरवापर करतोय असं दिसलं तरी पुरे. आणि धमकीला शब्द लागतातच असं नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं. हायकोर्टात जाईपर्यंत आदेश थांबवा, ही वकिलाची विनंती त्यांनी नाकारली. पोलिसांनी आरोपीला तिथूनच नेलं. माझा आनंद गगनात मावेना. मी व्हरांड्यात धावत जाऊन बाईला सांगितलं, आता तुम्हाला भीती नाही.

ती काही हसली नाही. तिने विचारलं, किती दिवस आत राहील? मी खरं तेच सांगितलं. हायकोर्टाने सोडला नाही तर खटला संपेपर्यंत. आणि खटल्यातून सुटला, तर घरी येईल.

"त्याच गावात?"

मी हो म्हटलं.

तिने पदर सावरला आणि माझा हात धरला. "मग माझी साक्ष आजच घ्या. आज हिंमत हाय. उद्याचं मला नाय म्हाईत."

खटला अजून बोर्डावर, म्हणजे सुनावणीला, यायचा होता. त्याला वर्ष लागेल, हे मला ठाऊक होतं. मी तिला खटल्याची पुढची तारीख सांगितली.