‘म्हणून’ नको, ‘मग’ लिव

युनूसच्या मुलाचा, इम्रानचा फोन सकाळी आला. मी कुंडीत पाणी घालत होतो. “सर, अब्बा गेले,” एवढंच तो म्हणाला. अशा वेळी माणूस विचारतो, कधी, कसं, दवाखान्यात होते का. माझ्या तोंडून मात्र भलताच प्रश्न गेला. “आपा बोलल्या का रे त्यांच्याशी?” इम्रान हळूच म्हणाला, “न्हाई सर... बोलली न्हाई.” नळ तसाच वाहत होता आणि मी पाइप हातात धरून उभा होतो. त्या घरात बहीण-भावात अबोला आला तो माझ्या लिहिण्यातून, असं मला तेव्हा वाटलं. आज इतके आठवडे उलटले तरी तसंच वाटतं.

अंबाजोगाईत युनूसचं फळांचं दुकान होतं आणि मी कॉलेजात मराठी शिकवत होतो. आमची ओळख मात्र ना फळांमुळे झाली ना कॉलेजमुळे. एका कविसंमेलनात आम्हा दोघांनाही शेवटी बोलावलं, तोवर समोर फक्त खुर्च्या उचलणारे उरले होते. मी चिडून कविता न वाचताच खाली उतरलो. युनूस मात्र त्या खुर्च्यांसमोर उभा राहिला आणि त्यानं सावकाश, प्रत्येक ओळीनंतर थांबत, आपली कविता पूर्ण वाचली. बाहेर आल्यावर म्हणाला, “काहून रुसला बे? खुर्च्या उचलनारा एक मानूस थांबला होता ऐकायला. मी बघितलं की.” पुढे मी कविता लिहिणं सोडलं, लेख लिहू लागलो. तो मुक्तछंदातच राहिला. त्याच्या ओळी छोट्या असत, कधी एकाच शब्दाच्या. मी त्याला म्हणायचो, कागद महाग झालाय, जरा भरून लिही. तो हसायचा. “मला तोडून लिवता येतं. जोडता येत न्हाई.”

ते वाक्य त्यानं एकदा अगदी वेगळ्या आवाजात म्हटलं. त्याची मोठी बहीण अमीना आपा नवरा गेल्यावर सिरसाळ्याहून त्याच्याकडे राहायला आल्या होत्या. मोतीबिंदूनं त्यांची नजर मंदावली होती. युनूस आणि धाकटा सादिक, दोघांनाही आपांनीच कडेवर वाढवलेलं. सादिकवर त्यांचा जास्तच जीव. हा सादिक पंचविशीत असतानाच गेला. दिवाळीच्या तोंडावर सीताफळं आणायला टेंपो घेऊन गेला आणि धारूरच्या घाटात टेंपो दरीत गेला. आपा तेव्हा सासरी होत्या. त्यांना तेवढंच कळलं होतं. युनूसनं त्यावर एक कविता लिहिली होती आणि गावातल्या एका कार्यक्रमात ती वाचली, तेव्हा आपा पहिल्या रांगेत होत्या. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, “सादिकचंच हाय ना ते? पन तू लई तुटक बोलतो बाबा. एक धरावं तवर दुसरं येतं. मला सलग सांग.”

दुसऱ्या दिवशी दुपारी युनूस माझ्याकडे आला आणि कागद पुढे ठेवला. ती कविता एवढीच होती:

आज माझी पाळी होती
डबाही माझाच
त्याच्या हातात
गरम.
टेंपोचं दार
दोनदा लागलं नाही
तिसऱ्यांदा
लागलं.
मी इस्त्रीचा सदरा घातला.
घाटात सीताफळं
फुटली नसतील
उघडली असतील
आपोआप
पिकल्यासारखी.

“ह्येचं गद्य कर. मला जोडता येत न्हाई,” तो म्हणाला. मी ती कविता पूर्वी दोनदा ऐकली होती, दाद दिली होती. पण ‘माझी पाळी’ या शब्दांपाशी मी कधी थांबलोच नव्हतो. आता थांबलो आणि त्याच्याकडे पाहिलं. त्यानं होकारार्थी मान हलवली. त्या दिवशी सीताफळं आणायला जायची पाळी युनूसची होती. त्याला बीडच्या कविसंमेलनाचं बोलावणं आलं होतं, म्हणून पहाटे त्यानं सादिकला उठवलं. आईनं युनूससाठी भरलेला डबाही सादिकच्याच हातात दिला. ही गोष्ट आईनं मरेपर्यंत पोटात ठेवली आणि युनूसनं कवितेत. मी म्हटलं, “आपांना तूच सांग ना सरळ.” तो म्हणाला, “बसतो सांगायला, तर तोंडातून कारणंच निघत्यात. कवितेत कारण न्हाई. तसंच सलग पायजे.”

माझा पहिला खर्डा मी मोठ्या मायेनं केला आणि तिथेच चुकलो. ‘पावसानं रस्ता निसरडा झाला होता’ असं एक वाक्य मी आपल्या मनानं घातलं. युनूसनं चष्मा काढला. “पाऊस कुठून आनला बे? कोरडं ठन्न होतं. मला सोडवायला आनला का?” खरं होतं ते. गद्य लिहायला बसलं की दोन वाक्यांमधली मोकळी जागा सोसत नाही, तिथे काहीतरी भरावंसं वाटतं, आणि मी भरली होती ती मित्राची सुटका. दुसऱ्या खर्ड्यात मी उलट टोक गाठलं. पाळी कोणाची, कोण गेला, कुठे अपघात झाला, सगळं नीट क्रमानं मांडलं. डबा ‘जेवणाचा डबा’ झाला, दाराचं तीनदा ओढणं गाळलं, सीताफळांचं ‘नुकसान’ झालं. युनूसनं वाचून कागद परत केला. “पंचनामा झाला ह्यो.”

मग आम्ही एकेका शब्दाला बसलो. त्याच्या दुकानात, मागच्या बाजूला, केळीच्या घडांखाली. ‘आज’ ठेवायचं की ‘त्या दिवशी’ करायचं, यावर एक अख्खी दुपार गेली. त्याला ‘आज’ हवं होतं, कारण त्याचा तो दिवस सरलाच नव्हता. पण सलग ऐकणाऱ्या आपांना ‘आज’ म्हणजे आजच वाटलं असतं. शेवटी ‘त्या दिवशी’ सुरुवातीला एकदाच घ्यायचं आणि नंतर दिवस-वेळेचा एकही शब्द वापरायचा नाही, असं ठरलं. ‘मला जायचं होतं म्हणून मी इस्त्रीचा सदरा घातला’ असं मी लिहिलं होतं. त्यानं ‘म्हणून’वर बोट ठेवलं. “‘म्हणून’ नको, ‘मग’ लिव. ‘म्हणून’ म्हटलं की माफी मागितल्यासारखं हुतं. ‘मग’ म्हंजे नुसतं त्याच्यानंतर.” संमेलनाचा उल्लेखही त्यानं येऊ दिला नाही. सदऱ्यात सगळं आलं, म्हणाला. कवितेत ‘लागलं’ हा शब्द एका ओळीत एकटा होता. गद्यात ओळ तोडता येत नाही, तर मी ते दोन वाक्यांत तोडलं. ‘तिसऱ्यांदा ओढलं. लागलं.’ हे त्याला पटलं. सीताफळांपाशी मी ‘जणू’ घातलं होतं, तेही त्यानं काढायला लावलं. ‘नसतील’, ‘असतील’ या अंदाजाच्या क्रियापदांना हात लावू दिला नाही. फळं फुटली हे त्याला माहीत होतं. ती उघडली असतील, एवढंच त्याला म्हणवत होतं.

एक गोष्ट मात्र कवितेत नव्हती आणि गद्याला हवी होती. कवितेत नुसता ‘त्याच्या’ आहे, नाव नाही. मी पहिल्या वाक्यापुढे दोन शब्द लिहिले. ‘सादिक गेला.’ युनूसच्या जागी तो कामाला गेला, आणि तो कायमचा गेला, दोन्ही त्यात आलं. युनूसनं ते दोन शब्द ओठांतल्या ओठांत वाचले. “ह्ये मला सुचलं न्हवतं,” एवढंच म्हणाला. आणि मला, खोटं कशाला सांगू, आनंद झाला. मित्राच्या जिवावर बेतलेलं ते वाक्य आपल्याला साधलं याचा आनंद. आजही त्या आनंदाचीच लाज सगळ्यात जास्त वाटते.

युनूसनं वाचायला मलाच सांगितलं. आपा पलंगावर बसल्या होत्या, युनूस दाराशी खाली. मी वाचलं:

‘त्या दिवशी पाळी माझी होती. सादिक गेला. डबाही माझाच होता, त्याच्या हातात, गरम. टेंपोचं दार दोनदा ओढलं, लागलं नाही. तिसऱ्यांदा ओढलं. लागलं. मग मी इस्त्रीचा सदरा घातला. घाटात सीताफळं फुटली नसतील, उघडली असतील, आपोआप, पिकल्यासारखी.’

आपांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. “माझी म्हंजे कुनाची, मास्तर?”

मी काही बोलायच्या आत दाराशेजारून आवाज आला. “माझी, आपा.”

आपांनी विचारलं, “डब्यात काय हुतं?”

“मेथी.”

“त्याला मेथी चालत न्हवती,” आपा म्हणाल्या. आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

त्या दिवसापासून त्या युनूसशी बोलल्या नाहीत. भांडण नाही, शिवी नाही. जेवायला बोलवायचं तर इम्रानला म्हणायच्या, “बाप कुठं हाय बघ.” मी युनूसला म्हणालो, माझं चुकलं, ते तुटकच राहू द्यायला हवं होतं. त्यावर तो केळी निवडता निवडता म्हणाला, “न्हाई. इतकी वर्सं ती माझ्याशी बोलत हुती ते मला सोसत न्हवतं. आता बरोबर हाय.” बोलताना त्याचा हात थांबला नाही. पण त्यानंतर त्यानं कविता लिहिली नाही, हे मला त्याच्या जाण्यानंतर इम्रानकडून कळलं. तो झोपेतच गेला, आपांच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत.

युनूसचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी आपांना भेटायला गेलो. जाताना वाटेत दोनदा परत फिरलो. मला वाटलं होतं, त्या मला दोष देतील, आणि द्यावा असंच मनात होतं. त्यांनी चहा करायला सांगितला आणि म्हणाल्या, “मास्तर, ते वाचा.”

मी खिशातून गद्याचा कागद काढला. पहिलं वाक्य संपायच्या आत त्यांनी हात वर केला. “ह्ये न्हाई. त्याचं. तुटकं.”

ते मला पाठ होतं. मी म्हणायला लागलो, युनूस म्हणायचा तसं, प्रत्येक ओळीनंतर थांबत. ‘आज माझी पाळी होती’... ‘डबाही माझाच’... आता त्यांना काही धरावं लागत नव्हतं, सगळं माहीत होतं. त्या डोळे मिटून फक्त मधल्या थांबण्याकडे कान देत होत्या. ‘तिसऱ्यांदा’ म्हटल्यावर मी थांबलो, युनूस थांबायचा तसा.

“इतका येळ थांबायचा का तो हितं?” आपांनी विचारलं.

“हो. कधी याहून जास्त.”

आपांनी पदरानं तोंड पुसलं. “तेवड्यात मी म्हनायला पायजे हुतं काईतरी,” त्या म्हणाल्या. “वाट बघत हुता त्यो.”