घाईमास्तर आणि कोर्टाची किल्ली

सगळी फाउंड्री त्यांना घाईमास्तर म्हणायची. भट्टी पेटली नाही तोच हे ओतायला तयार! वडिलांची ही ओतकामाची फाउंड्री तीस वर्षं त्यांनीच चालवली. दुसरं काही येत नव्हतं, शिकायची हौसही नव्हती.

वडील गेले आणि थोरल्या बहिणीनं वाटणीचा दावा लावला. वर अर्ज टाकला, निकाल लागेपर्यंत फाउंड्रीवर रिसीव्हर नेमा. म्हणजे कोर्टाचा माणूस, ना हिचा ना त्याचा, मालमत्ता सांभाळणारा.

न्यायाधीशबाईंनी तेव्हा ऐकलं नाही. "हिस्सा आहे एवढ्यावर चालता धंदा कुणाच्या हातून काढत नाहीत. मालमत्तेला धोका दिसायला हवा." अर्ज तसाच ठेवून दोघांनाही बजावलं, काही हलवायचं नाही.

झालं! एवढ्यावर गप्प बसायचं ना? पण कुणीतरी कान भरले, बहिणीचा जावई नमुने उचलणार. नमुने लाकडाचे असतात. वाळूत त्यांचा ठसा घेऊन त्या पोकळीत धातू ओततात. ते गेले की उरते नुसती भट्टी. मास्तरांनी जेवणाच्या सुट्टीत चाळीस नमुने टेम्पोत घातले आणि घरी पलंगाखाली रचले.

"वकिलांना विचारलंत का?" बायको म्हणाली.

"आपल्याच वस्तू जपायला वकील कशाला?"

पुढच्या तारखेला बहिणीच्या वकिलानं टेम्पोचे फोटोच पुढे केले.

"मी चोरले नाहीत, मॅडम," मास्तर म्हणाले.

"चोरले म्हणतच नाही. पण मनाई असताना हलवलेत. आता उद्याचा भरवसा कसा धरू?"

रिसीव्हर नेमला गेला. मास्तरांनी आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय!

रिसीव्हर एक शांत, म्हातारे वकील होते. त्यांनी नमुने परत आणवले, खिळ्यापासून भट्टीपर्यंत यादी केली, ताबा घेतला. धंदा बंद पडू नये म्हणून कोर्टाच्या परवानगीनं मास्तरांनाच आपला एजंट नेमलं, त्यांच्या वतीनं काम चालवायला. आता मास्तर बापाच्या फाउंड्रीत हजेरीवर सही करत. नवं काम घ्यायचं तर विचारून. सोडून जावं तर कुठं जाणार? राहावं तर जीव घुसमटायचा. बायकोला म्हणत, "हातपाय आहेत गं, पण माझे वाटत नाहीत."

महिन्याभरानं बहीण फाटकाशी आली. डोळे सुजलेले.

"पुरे झालं रे. मिटवून टाकू. त्या रिसीव्हरसाहेबांना जायला सांग."

"आपल्या सांगण्यानं जात नाहीत ते. तडजोड कोर्टात लिहून द्यायची, कोर्टानं सोडलं की जातील."

"देऊ. आधी आत तरी घे. बाबा गेल्यापासून पाऊल टाकलं नाही मी."

मास्तरांच्या हातात किल्ली होती. त्यांनी ती खिशात टाकली.

"परवानगी घेऊन ये, ताई."

"माझ्याच घरच्या फाउंड्रीत? कुणाची परवानगी?"

"तूच रिसीव्हर मागितला होतास ना," मास्तर म्हणाले, "त्यांचीच."