केशरचं नाव आणि माझी हुशारी

रामनगरात संगणक पहिल्यांदा मी आणला, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता माझं मलाच खरं वाटत नाही. साल एकोणीसशे नव्व्याण्णव. बसस्टँडसमोर माझा टायपिंगचा क्लास होता. सहा टाइपरायटर, त्यातल्या दोनांचे रोलर कडक झालेले, आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या झाकणाखाली तो संगणक. झाकण मी स्वतः काढायचो. दुसऱ्या कुणी हात लावला तर मला कसंसंच व्हायचं. गावात लोक मला मास्तर म्हणायचे आणि मी ते मनावर घेतलं होतं.

केशर झिलू वेळीप माझ्याकडे आली ती गणेशगुडीच्या वरच्या वाडीतून. कुणब्यांची पोर, दहावी पास. पहाटेच्या बसला बसायची, माझ्या क्लासला दहाच्या आधी दारात उभी असायची, आणि दुपारच्या बसनं परत. आधी दोन वर्षं ती कुळगीकडच्या रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायला जात होती. दिवसाला किती पिशव्या भरल्या ते मोजायचं काम तिच्याकडेच असे, कारण बाकीच्या बायकांचा तिच्या मोजणीवर भरवसा होता. बोलायची कमी. बोटं मात्र अशी चालायची की मी पाठ करून उभा असलो तरी कोणता टाइपरायटर तिचा ते आवाजावरून कळे. इंग्रजी टायपिंगची वरची, सीनियरची परीक्षा ती पहिल्याच बैठकीत पास झाली. माझा त्याच्याशी संबंध एवढाच की मी फॉर्मवर शिक्का मारला होता.

त्या दसऱ्याच्या आधी बंगळूरच्या एका कंपनीची जाहिरात आली. डेटा एंट्रीसाठी मुलं-मुली हवीत, टायपिंगचा वेग हवा, राहण्याची सोय. मात्र अर्ज कागदावर घेणार नाहीत, फक्त कंपनीच्या पोर्टलवर भरायचा. खाली ठळक ओळ होती: नाव दहावीच्या मार्क्स कार्डाप्रमाणेच असावं, फरक असल्यास परीक्षेला बसू देणार नाही. केशरनं ती जाहिरात कापून वहीत ठेवली होती. रोपवाटिकेचं काम पावसानंतर पुन्हा सुरू होणार होतं. इथं नाव लागलं नाही तर तिला परत मातीच्या पिशव्या भरायला जायचं होतं, आणि शिकलेलं टायपिंग बोटांतच राहणार होतं.

अर्जाचा शेवटचा दिवस शुक्रवार होता, संध्याकाळी पाचपर्यंत. आम्ही शुक्रवारीच बसलो. चूक माझीच. ती सोमवारपासून विचारत होती आणि मी ‘त्यात काय, दहा मिनिटांचं काम’ म्हणत होतो.

केशरनं दुपारची बस सोडून दिली होती. तीन वाजता मी झाकण काढलं, फोनची वायर जोडली आणि इंटरनेट लावला. तो शिट्ट्या मारून बेळगावला लागायला पंधरा मिनिटं गेली. पान उघडलं. चाळीसेक चौकटी. पहिलीच नावाची.

“मास्तर, मी टाइप करू?” केशरनं विचारलं.

“बस तू. हे नाजूक काम हाय,” मी म्हणालो.

आता, माझा संगणक मराठी जाणतो अशी मी गावभर दवंडी पिटवली होती. लग्नपत्रिकांसाठी घेतलेला एक मराठी फॉन्ट माझ्याकडे होता. मी केशरचं नाव सुंदर देवनागरीत लिहिलं, उचललं आणि त्या चौकटीत चिकटवलं. चौकटीत उतरलं ते भलतंच. एक इंग्रजी एच, मग ओ, मग चक्क डॉलरचं चिन्ह, पुढं आणखी दोन अक्षरं. मी तरीही खालचं बटण दाबलं. खिडकी आली: इनव्हॅलिड नेम.

केशरनं ते हळू वाचलं. “म्हणजे माझं नाव चालत न्हाई?”

“तुझं नाव चालतंय गं, ह्या यंत्राला अक्कल न्हाई,” मी म्हणालो आणि इंग्रजीत टाइप केलं, अगदी मार्क्स कार्डावर होतं तसं: केशर, मोकळी जागा, झेड, टिंब, मोकळी जागा, वेळीप. पुन्हा इनव्हॅलिड नेम. टिंब काढलं. पुन्हा तेच. मी चौथ्यांदा तेच टाइप केलं, जरा जोरात, जणू यंत्राला ऐकू गेलं नसावं.

“मास्तर,” केशर म्हणाली, “मोकळी जागा पण ठोकाच न्हवं? परीक्षेत वेग काढताना तुम्हीच मोजायला लावता की. पाच ठोक्यांचा एक शब्द. जागा धरून, टिंब धरून.”

वीस वर्षं मी हेच शिकवत होतो. स्पेसबार दाबला की कागदावर काही उमटत नाही, पण ठोका पडतो आणि तो मोजला जातो. पोरांच्या डोक्यात ते घालताना घसा कोरडा झालेला माझा. पण त्या वेळी मी एवढंच म्हणालो, “टाइपरायटर वेगळा, हे वेगळं.”

मग मी भाच्याला, कृष्णाला, फोन लावायचं ठरवलं. तो बेळगावात संगणकाच्या दुकानात होता. फोनची लाइन एकच, म्हणजे आधी इंटरनेट तोडायचा. तोडला. पावणेचार झाले.

कृष्णानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “मामा, त्या चौकटीला एक यादी दिलेली असती. ए ते झेड. तुम्ही लिहिलेलं एकेक चिन्ह ते यादीत बघतंय. एक जरी यादीबाहेरचं निघालं की सगळं परत. मोकळी जागा हेही एक चिन्हच, तिला पण नंबर हाय. टिंबालाही हाय.”

“आणि माझं मराठी?”

“ते मराठी न्हवंच, मामा. फॉन्ट म्हणजे नुसता वरचा चेहरा. आत साठवलेली असतात ती इंग्रजी चिन्हंच. दुसरीकडं तो फॉन्ट न्हाई, मग आतलं उघडं पडतंय. म्हणून डॉलर आला.”

वीस वर्षांची सगळी प्रतिष्ठा एका वाक्यात गेली. “पण ए ते झेडच का? माणसाच्या नावात जागा नसती व्हय?”

“त्या नावावरनंच ते लॉगिन बनवत असणार. लॉगिनमध्ये जागा चालत न्हाई. कुणीतरी नियम लिहिताना माणसाचं नाव कसं असतंय ह्याचा विचार केला न्हाई, एवढंच.”

“मग ही तपासणी चुकवता येत न्हाई?”

“येती. ती पानावरची तपासणी तुमच्याच संगणकात चालती. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाबरोबर येणारा छोटा प्रोग्रॅम, बंद केली की ती थांबती. पण मामा...”

मी फोन ठेवून दिला. मला पाहिजे तेवढं मिळालं होतं. पुढचं वाक्य ऐकायचा धीर माझ्यात कधीच नव्हता. बायकोला विचारा.

पुन्हा शिट्ट्या, पुन्हा बेळगाव. जावास्क्रिप्ट कुठं बंद करतात ते शोधण्यात दहा मिनिटं गेली. नाव मार्क्स कार्डाप्रमाणं घातलं, जागेसकट, टिंबासकट. उरलेल्या चौकटीही मीच भरल्या, दोन बोटांनी. मास्तर असलो तरी घाईत माझी दोनच बोटं चालतात. केशर शेजारी बसून प्रत्येक चौकट बघत होती. पत्त्यात मी स्वल्पविराम घातले, जागा सोडल्या, पिन कोडाआधी आडवी रेघ मारली. शेवटी बटण दाबलं. खिडकी आली नाही. पान पुढं सरकायला लागलं.

मी खुर्चीतून उठलो. “बघितलंस? यंत्राला असं वठणीवर आणायचं असतंय!” असं मी खरंच म्हणालो. आज लिहिताना कान गरम होतात.

पान आलं. वर लाल अक्षरांत तेच, इनव्हॅलिड नेम, आणि खाली चाळीसच्या चाळीस चौकटी कोऱ्या. कृष्णा जे सांगत होता ते हेच होतं. पानावरची तपासणी नुसती सोयीची असते. खरी तपासणी पलीकडं कंपनीच्या सर्व्हरवर पुन्हा होते, आणि तिथं माझा हात पोचत नाही. घड्याळात पाचला बावीस मिनिटं होती.

मी बसलो. पोरीचं वर्ष मी माझ्या हौसेपायी घालवलं हे मला तेव्हा स्वच्छ कळलं.

“मास्तर, जरा उठा,” केशर म्हणाली.

उठलो. ती बसली. जावास्क्रिप्ट होती तशी चालू केली, मी बंद करताना तिनं पाहिलेलं होतं. म्हणाली, “निदान चूक इथंच कळंल, कोरं व्हायच्या आधी.” मग नावाच्या चौकटीत तिनं सगळं जोडून लिहिलं, मध्ये जागा नाही, टिंब नाही. बटण दाबून बघितलं; आता तक्रार नावाची नव्हती, पुढच्या कोऱ्या चौकटीची होती.

“पण मार्क्स कार्डाशी जुळणार न्हाई,” मी कुरकुरलो. “बसू देणार न्हाईत.”

“पत्त्याच्या चौकटीत जागा चालली. स्वल्पविराम चालला. लाल अक्षरं नुसती नावाची आली, पत्त्याची न्हाई आली. म्हणजे प्रत्येक चौकटीचा नियम वेगळा हाय.” ती बोलत होती आणि बोटं चालूच होती. “सगळ्यांत खाली ‘इतर माहिती’ हाय. तिथं पण चालंल.”

तिथं तिनं इंग्रजीत एकच सरळ वाक्य लिहिलं: नावाच्या चौकटीत जागा आणि टिंब घेत नाहीत म्हणून नाव जोडून लिहिले आहे, मार्क्स कार्डावरील नाव असे आहे, आणि पुढं ते नाव जसंच्या तसं. चाळीस चौकटी तिनं अकरा मिनिटांत भरल्या. बटण दाबलं. पान सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं आणि अर्जाचा क्रमांक आला. तिनं तो तळहातावर लिहून घेतला. मी वही पुढं केली होती, ती तिला दिसलीच नाही.

महिन्याभरानं परीक्षेचं पत्र आलं. पाकिटावर तिचं नाव एकाच लांब शब्दात होतं. आत मात्र कुणा माणसानं ते वाक्य वाचलेलं दिसत होतं, कारण जोडलेल्या नावाखाली मार्क्स कार्डावरचं नाव छापलेलं होतं. बेळगावच्या केंद्रावर दारातल्या माणसानं कार्ड पाहिलं, पत्र पाहिलं आणि तिला आत सोडलं. वेगाच्या परीक्षेत ती नापास होणं शक्यच नव्हतं.

ती बंगळूरला निघाली त्या दिवशी तिचा बाप झिलू क्लासवर आला. डोंगरातून आणलेली मधाची बाटली त्यानं माझ्या टेबलावर ठेवली आणि हात जोडले. “मास्तर, तुमी हुतासा म्हणून. आमाला ह्यातलं काय कळतंय?”

खरं बोलायला मी तोंड उघडलं. आणि त्यातून निघालं, “छे छे, तसं अवघड काय न्हवतं.” असं, की ऐकणाऱ्याला वाटावं फार अवघड होतं. झिलूला भरून आलं. केशर दाराशी बॅग घेऊन उभी होती. ती खाली बघून हसली. मध मी घेतला. रात्री घरी बायकोनं कौतुकानं विचारलं तेव्हाही खरं सांगितलं नाही.

बस लागली तसा मी स्टँडवर गेलो. झिलू बॅग वर चढवत होता. केशर माझ्याजवळ आली, पाया पडली आणि बापाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाली, “मास्तर, आता म्होरच्या पोरीचा फॉर्म आला तर तुमी भरू नका. तिलाच बसवा खुर्चीवर.”

पुढच्या वर्षी शांती नावाची पोर आली, त्यानंतर लाडू नावाची, त्यानंतर कितीतरी. मी त्यांना खुर्चीवर बसवतो, स्वतःचे हात पाठीमागं बांधतो आणि मागं उभा राहतो. त्या चुकतात, परत करतात, पुन्हा चुकतात. माझी दोन बोटं पाठीमागं नुसती वळवळत असतात, पण मी हात सोडत नाही.