तारखा आणणारा आणि तारखा नाकारणारा

१२ जानेवारी १९९७, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. एका दमात धरलेला ‘सा’: अठरा सेकंद. भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीच्या मागच्या पानावर मी हे टिपले, तेव्हा धाकटी बहीण म्हणाली, “ताई, मी काय तुझ्या प्रयोगशाळेतला बेडूक हाय व्हय?”

बारामतीतल्या आमच्या ऑर्केस्ट्रात चौघे होतो. ती गायची, मी कीबोर्ड वाजवायचे, दोन चुलतभाऊ ढोलकी आणि ऑक्टोपॅड सांभाळायचे. गळा एकच होता. चौदा एप्रिलच्या जयंतीचे कार्यक्रम मिळवायचे तर आपल्याला ‘माणूस’ हवा, एवढे सर्वांना कळत होते; कोणत्या कामाचा, हे कुणालाच कळत नव्हते.

आम्ही दोघांना भेटलो. पहिले तात्या. इंदापूरच्या एस. टी. स्टँडजवळ त्यांचे मंडप-स्पीकरचे दुकान होते आणि गल्ल्याशेजारी एक जाड डायरी. तालुक्यातल्या मंडळांना ऑर्केस्ट्रा हवा असला की ती तात्यांकडे येत. आमच्यासारख्या बारा ऑर्केस्ट्रा-पार्ट्या त्यांच्या हाताशी होत्या. आणलेल्या कार्यक्रमाच्या मानधनातून ते आपला हिस्सा घेत. “काळजी करू नका पोरींनो, तुमचं समदं बगतो.”

दुसरे वालचंदनगरच्या कारखान्यात नोकरी करणारे एक काका. पूर्वी त्यांनी एका ऑर्केस्ट्राची व्यवस्था पाहिली होती. तेही म्हणाले, “तुमचं सगळं पाहीन.” मग विचारू लागले: भांडण झालं तर निर्णय कोण घेतं? परीक्षा कधी? स्वतःची किती गाणी आहेत? मी थेट विचारले, “कार्यक्रम किती आणाल?”

“एकही नाही. ते एजंटचं काम.”

तरीही त्यांना आमच्या प्रत्येक कमाईत वाटा हवा होता. शिवाय म्हणाले, “माझं कौतुक मी करणार नाही. ज्यांचं काम मी पाहिलं, त्यांना जाऊन विचारा.”

मी तक्ता केला. तात्यांच्या रकान्यात अपेक्षित तारखा आल्या, काकांच्या रकान्यात शून्य. विचारायला मी कुठेच गेले नाही. आकडा समोर असताना माणसांची मते कशाला? तात्यांनी आणलेली प्रत्येक तारीख आम्ही घेऊ, हे वाक्य त्यांच्याशी केलेल्या कराराच्या कागदावर मीच लिहिले. त्यांनी ते मागितलेही नव्हते.

जयंती एका दिवसात आटोपत नाही. प्रत्येक वस्ती आपापल्या सोयीने साजरी करते. एप्रिलमध्ये पंधरा दिवसांत नऊ तारखा लागल्या. भिगवणला धाकटीचा वरचा स्वर फुटला. २३ एप्रिल: सहा सेकंद. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे बोलणेसुद्धा बंद, नाहीतर गळा कायमचा जाईल. पुढे चार तारखा उभ्या होत्या.

दुपारी मी इंदापूर गाठले. “तात्या, गळा बसेपर्यंत तुम्ही बघत काय बसलात?”

त्यांनी शांतपणे डायरी मिटली. “मी तारखा आणतो, ताई. कुठली घ्यायची न्हाय, ते सांगनारा तुमचा मानूस कुठं हाय? म्हनलं असतं ‘नगं’, तर मी दुसरी पार्टी दिली असती. तुमीच लिवून दिलं, समद्या घेतो म्हनून.”

कुणावर रागवावे, ते मला कळेना. ते खोटे बोलत नव्हते. मग चुकले ते नेमके कोणत्या पायरीला?

तिथून काकांकडे जाण्याआधी, यावेळी, त्यांच्या जुन्या ऑर्केस्ट्रातल्या गायिकेला भेटले. त्या म्हणाल्या, “त्यांनी कुठल्या तारखा घेऊ दिल्या नाहीत, तेवढ्या मला आठवतात. म्हणून अजून गाते.”

काकांनी अटी सांगितल्या: सहा महिने एकमेकांना पाहायचे; महिन्याची सूचना देऊन कुणीही मोकळे; एजंट तात्याच, पण प्रत्येक तारीख आधी काकांकडे. मग त्यांनी तात्यांना फोन लावला. “काय तात्या, पोरीला ट्रॅक्टर समजलात का?” पलीकडून मोठ्याने हसणे ऐकू आले. पाच मिनिटांत चारही तारखा दुसऱ्या पार्टीकडे गेल्या. ज्यांना मी प्रतिस्पर्धी म्हणून एकाच तक्त्यात बसवले होते, ते एकमेकांवाचून अडणारे निघाले.

धाकटी पाटीवर लिहून बोलू लागली. तिचे पहिले वाक्य: “बेडूक गप्प हाय.” मी हसले नाही. आवाज परत येईल का, हे काका सांगेनात, डॉक्टर सांगेनात, आणि वहीत पुढचा रकाना रिकामा होता.

तीन आठवड्यांची मुदत संपल्यावर, रविवारी सकाळी, पुन्हा नऊ वाजून दहा मिनिटांनी ती डोळे मिटून उभी राहिली. स्वर थरथरला, पण फुटला नाही. हा आकडा चांगला म्हणावा की वाईट, मला ठरवता आले नाही. मी फक्त लिहिला: अकरा सेकंद.