अर्ध्या दरातलं दळण

नाटकं करायची मला लहानपणापासून हौस. पण माझ्या सगळ्यांत चांगल्या नाटकाने आमची खाणावळ बुडायची वेळ आणली होती.

रत्नागिरीत आमच्याकडे कोर्टातले चार कारकून जेवत. देशावरचे, त्यामुळे भातावर भागत नसे, पोळी लागे. यजमान अंथरुणाला खिळलेले. घर आणि औषध त्या चौघांवर चाले.

गिरणीत शेराला एक पैसा दळणावळ होती. त्या दिवशी गिरणीवाल्या चाचांनी जात्याला नुकतीच टाकी मारली होती, म्हणजे झिजलेला दगड छिन्नीने खडबडीत केला होता. अशा वेळी पहिलं दळण अर्ध्या दरात काढत, कारण त्यात दगडाची कच येई. ते फक्त गुरांसाठी.

"वैनी, हे गुरांसाठीच ना?" चाचांनी विचारलं.

"किडका गहू आहे हो," मी तोंड इतकं वाईट केलं की त्यांनाही गव्हाची कीव आली असावी. दहा शेर गहू, पाच पैसे वाचले. मी घरी आले ती रंगभूमी गाजवल्यासारखी.

रात्री पहिल्याच घासाला थोरल्या कारकुनाने जबडा थांबवला.

"वहिनी, दात पाडून घ्यायचेही पैसे महिन्यात धरलेत का?"

चौघांनी पोळ्या बाजूला सारल्या. "उद्या असंच असेल तर दुसरीकडे बघतो," तो म्हणाला. चाचांकडे तक्रार न्यायला मला तोंड नव्हतं.

"अगो, पाच पैशांपायी दहा शेर पीठ गुरांना घातलंस," सासूबाई एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून बोटीने आलेली पिठाची शिवलेली पिशवी घेतली. दहा शेरांना दीड रुपया. गहू रुपयाचा, दळणावळ अडीच आणे आणि जात्यात पावशेर घट धरली, तरी घरचं पीठ एकोणीस आण्यांच्या आत पडे. म्हणजे पिशवीमागे पाच आणे जास्त. शिवाय गाईला कोंडा नाही.

पोळ्या पांढऱ्याशुभ्र झाल्या. थोरला खूश. "आता हेच पीठ ठेवा."

"मग महिन्याचे आठ आणे वाढवावे लागतील."

"काल कच खाल्ली, त्याचे आम्ही काय घ्यायचे?"

मी शेवटी सगळं खरं सांगून टाकलं, गुरांसकट. धाकटे दोघे हसले. थोरला हसला नाही.

मग पुन्हा गहू नेला, पूर्ण दराने, कुणाचं तरी दळण आधी होऊ देऊन. चाचांनी पिठाची चिमूट बोटांत चोळून दाखवली आणि विचारलं, "गुरं बरी आहेत ना, वैनी?"

पोळ्या मऊ झाल्या. धाकटे दोघे पोटभर जेवले. थोरल्याने प्रत्येक घास डोळे मिटून चावला, जिभेने चाचपला, आणि कच सापडली नाही तरी महिनाअखेर चौथ्या सोबत्याला घेऊन तो खाणावळ सोडून गेला.

दोघांच्या पैशांत औषध निम्मं आणायचं की घरच्यांचा भात निम्मा करायचा, हे ठरवायला सासूबाई आणि मी चुलीपुढे बसलो. यजमान आतून विचारत होते, आज पानं कमी का वाढली.