तानूबाईचे अकरा रुपये

मी खताच्या दुकानात हिशेब लिहितो. दिवसाला शंभर-सव्वाशे पावत्या हातावेगळ्या करतो आणि संध्याकाळी पै-पैचा मेळ घालून देतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं माझी जी शोभा झाली ती तुम्हाला नीट कळेल.

शहाण्णव सालची गोष्ट. बारामतीत भिगवण रस्त्याला काटेवाडीच्या दत्तोबा तात्यांनी उसाच्या पैशातून अकरा खोल्या बांधल्या होत्या. एका ओळीत, पत्र्याच्या. एक नंबरात सायकली दुरुस्त करणारा जयवंता, तीन नंबरात अंथुर्ण्याचा मी, पाचात शिवणकाम करणारी सारजा आणि शेवटच्या अकरा नंबरात तानूबाई.

तानूबाई मूळची वरकुट्याची. सासऱ्याच्या वेळेला दीडशे मेंढरं होती म्हणे. मग रान कमी झालं, कालवा आला, जिकडं तिकडं ऊस झाला आणि मेंढरं गेली. मुलगा पुण्यात टेम्पो चालवायला गेला तो तिकडचाच झाला. ही एकटी बारामतीत आली. मार्केट यार्डात कांदा निवडायला जायची. खोलीमागं मोकळी जागा होती, तिथं तिनं दोन शेळ्या आणि एक बोकड बांधला होता. तो बोकड म्हणजे नुसता दरोडेखोर. माझी एक लुंगी, सारजाची दोन ब्लाउजची मापं आणि माझ्या घरभाड्याची सगळी बिलं त्यानं गिळली होती.

आम्ही बोंबललो की म्हातारी म्हणायची, "खाऊ दे की! त्येला काय लिव्हायला वाचायला येतंय व्हय?"

शेळ्यांवरून तात्यांचं आणि तिचं दर महिन्याला वाजायचं. तात्या महिन्याच्या पहिल्या रविवारी एम-एटी गाडीवर यायचे, प्रत्येक दारात बिलाची चिठ्ठी द्यायचे, पैसे मोजून घ्यायचे, चिठ्ठीवर 'मिळाले' लिहून सही ठोकायचे. अकरा नंबरापाशी गेले की नाकाला उपरणं लावून म्हणायचे, "म्हातारे, जागा मी माणसाला दिलीय. शेळ्या हलव. कोणच्या कागदावर लिवलंय शेळ्या बांध म्हणून?" ती मान खाली घालायची. कागदावर खरंच काही नव्हतं. त्या जनावरांवाचून तिचं जगात कुणी नव्हतं आणि शेळ्यांसकट दुसरी खोली तिला बारामतीत कुणी दिली नसती. म्हणून तात्या काय म्हणतील ते ती ऐकून घ्यायची.

त्या महिन्यात मात्र ती संध्याकाळी बिल घेऊन माझ्या दारात आली. पदरात चिंचोके. म्हणाली, "आबाजी, ह्ये एकेक करून वाच. हळू. गाडी पळवू नगंस."

मी वाचलं. भाडं दोनशे पन्नास, लाईट अडतीस, पाणी पंचवीस, संडास-सफाई पंधरा, अंगणातला दिवा पाच. एकूण तीनशे चव्वेचाळीस. ती जमिनीवर चिंचोके मांडत होती. मेंढरं मोजायची तिची रीत विसांची. वीस झाले की एक चिंचोका बाजूला. शंभराशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

"सोळा विसा आन् तेरा," ती म्हणाली. "आन् तुझ्या कागदावर?"

"सतरा विसा आणि चार," मी हिशेब करून म्हणालो.

"मंग वरचं आकरा कशाचं?"

मी पेन काढून बेरीज केली. तीनशे तेहतीस. पुन्हा केली. तीनशे तेहतीस. मोठा हिशेबनीस मी, आणि स्वतःच्या घरभाड्याच्या चिठ्ठीची कधी बेरीज केली नव्हती! तात्यांनी आकडा सांगायचा, मी पैसे द्यायचे. माझे कान गरम झाले.

म्हातारीनं आत जाऊन तारेला टोचलेली बिलं आणली. खोल्या बांधून झाल्या आणि आम्ही सगळे राहायला आलो, तेव्हापासूनची सगळी, चौदा. लाईटचा आकडा दर महिन्याला वेगळा, पण जादा रक्कम दर वेळी अकराच. एकाही महिन्यात दहा नाही की बारा नाही.

"गेल्या साली बी मला वाटलं व्हतं," ती म्हणाली. "पर इचारलं तर शेळ्या काढ म्हनल ना त्यो. म्हनून गप बसले. आता चौदा म्हैने झालं. आता माझ्या पोटात राहत न्हाय. लिव्ह कागुद."

मी आंतरदेशीय पत्र आणतो म्हणालो. ती म्हणाली, "बारा आण्याचं कशाला? पंधरा पैशाचं कार्ड आण. आत काय चोरीचं हाय?" मी कार्ड आणलं. 'आपली कृपाभिलाषी', 'सेवेशी सविनय' असली माझी दुकानी भाषा तिनं दोनदा खोडायला लावली. शेवटी कार्डावर उतरलं ते असं:

"रा. रा. दत्तोबा तात्या यांस, खोली नंबर अकराच्या तानूबाईचा नमस्कार. पत्रास कारण की, या महिन्याच्या बिलात भाडे २५०, लाईट ३८, पाणी २५, संडास-सफाई १५ व अंगणातला दिवा ५ असे पाच आकार आहेत. त्यांची बेरीज ३३३ होते. आपण खाली ३४४ लिहिले आहे. मागची सगळी बिले पाहिली. चौदा बिलांत प्रत्येकी अकरा रुपये जादा आहेत. पैसे मी भरले आहेत. पण कशाचे भरले ते कळवावे."

खाली तिनं अंगठा उठवला. मी माझं नाव कुठंही घातलं नाही. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. मलाही दुसरी खोली बघायची नव्हती.

आता कार्डाची गंमत अशी की ते उघडं असतं. काटेवाडीच्या पोस्टमननं ते तात्यांना शेतात नेऊन द्यायच्या आधी चहाच्या हॉटेलात वाचून दाखवलं. दुपारपर्यंत गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. "तात्या, आमच्याकडनं बी आकरा रुपयं जादा घ्या की!"

तात्या पुढच्या महिन्याची वाट बघत बसले नाहीत. त्याच आठवड्यातल्या रविवारी एम-एटी अंगणात येऊन आडवीच झाली.

"कुठं हाय ती म्हातारी? गावात तोंड दाखवायची सोय ठिवली न्हाय मला! मी चोर हाय? मी?" तात्या ओरडत होते, उपरणं खांद्यावरून घसरलेलं. "आन् अक्षर कुणाचं हाय ह्ये?"

मी पत्र्याकडं बघत राहिलो. पत्र्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

तानूबाई शेळ्यांपासून उठून पुढं आली. "अक्षर आबाजीचं, पर बेरीज माझी," म्हणाली. "अक्षरासंगं भांडायचं आसंल तर त्येच्याशी भांडा. बेरजेचं मला इचारा."

"आठ दिवसांत शेळ्या हलव! न्हायतर खोली सोड!"

म्हातारीचा चेहरा पडला. मी तो बघितला आणि मला स्वतःची मनापासून लाज वाटली. चौदा महिने जिनं शेळ्यांपायी तोंड उघडलं नाही ती उभी राहिली होती आणि मी, शिकलेला बाप्या, पत्रा बघत होतो. मग मात्र मी तिचं बिल घेऊन पुढं झालो. म्हटलं, "तात्या, शेळ्यांचं नंतर बघू. आधी तुम्ही स्वतः बेरीज करा. आमच्या समोर."

"करतो की! भितो का काय?" त्यांनी बिल हिसकावलं, भिंतीला टेकवलं आणि बोट ठेवून मोठ्यानं सुरू झाले. खालून. ते खालून वर बेरीज करायचे, जन्माची सवय. "दिव्याचं पाच, संडास पंधरा, वीस. पाण्याचं पंचवीस, पंचेचाळीस. लाईट अडतीस, त्र्याऐंशी. भाडं दोनशे पन्नास, तीनशे तेहतीस. आन् आकरा, तीनशे चव्वेचाळीस! झालं? कुठं चुकली?"

"ह्ये शेवटचं आकरा कशाचं?" तानूबाईनं विचारलं.

"ह्ये काय, वर लिवलंय की. खोली नंबर..." तात्या थांबले.

चिठ्ठीच्या माथ्यावर त्यांनी आपल्या ठसठशीत हातानं ११ लिहिलं होतं. बाकीच्या आकड्यांच्या अगदी डोक्यावर, त्याच उभ्या रांगेत. खालून निघालेला माणूस खोलीचा नंबरही बेरजेत धरून मोकळा झाला होता.

सारजा आत पळाली आणि आपलं बिल घेऊन आली. पाच जादा. जयवंतानं पाकिटातून घडी काढली. एक जादा. "मला एकच रुपाया?" तो म्हणाला आणि खो खो हसत सुटला. "आरं, मी निसता खोलीच्या नंबरावर सुटलो!" माझी बिलं बोकडाच्या पोटात, पण तीन तर तीन, मी न मोजता सांगितलं. हिशेबनीस ना मी.

तात्या एम-एटीच्या सीटवर बसले. तोंड उतरलेलं. माणूस तोंडाळ होता, पण लबाड नव्हता. चिठ्ठीची घडी घालत म्हणाले, "समद्यांचं परत देतो." आणि पुढच्या रविवारी दिले. जयवंताला चौदा, मला बेचाळीस, तानूबाईला एकशे चोपन्न. नोटा मोजताना त्यांनी एकदाही तिच्याकडं बघितलं नाही. शेळ्यांचा विषयही काढला नाही, आणि तेच म्हातारीला खात होतं. "आता शेळ्या काढायला लावल बग," ती मला रोज म्हणायची. "माझ्याच जिभंनं घात केला." दोन दिवस जेवली नाही बाई.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तात्या आले. या वेळी नंबर चिठ्ठीच्या कोपऱ्यात, गोल करून. तिला चिठ्ठी देऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घे. आता बेरीज बरोबर हाय. आन् शेळ्या फुकट बांधायच्या न्हायत. मी बी हिशेबाचाच माणूस हाय!"

तिनं चिठ्ठी माझ्याकडं दिली. मी वाचली. भाडं दोनशे पन्नास, लाईट एकेचाळीस, पाणी पंचवीस, संडास-सफाई पंधरा, दिवा पाच. आणि त्याखाली नवी ओळ. शेळ्यांची जागा, अकरा.

माझं डोकंच फिरलं. "अहो तात्या, म्हणजे या दारानं दिलेत आणि त्या दारानं तेवढेच काढलेत की!"

"तू गप," तानूबाई म्हणाली. तिचे चिंचोके मांडून झाले होते. "सतरा विसा आन् सात. बरोबर हाय." तिनं कमरेची पिशवी सोडली, पैसे मोजून तात्यांच्या हातावर ठेवले आणि चिठ्ठी पुढं केली. "मिळालं म्हनून लिव्हा. सही करा. ठळक."

तात्यांनी ऐटीत सही ठोकली आणि गेले.

मी तिला म्हटलं, "आजी, एवढं भांडून काय मिळवलंस? अकरा गेले ते गेलेच!"

ती चिठ्ठी तारेला टोचत होती. टोचून झाल्यावर तिनं त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हितंच हाय न्हवं शेळ्यांचं?"

"हो."

"आन् त्येची सही?"

"त्याखालीच."

"मंग आता काढून दावू दे की त्येला," तानूबाई म्हणाली आणि शेळ्यांना पाला टाकायला मागं गेली.