मारावंच लागतं

आमच्या बस वर्कशॉपमधल्या पेंटरची नजर चालली होती. डॉक्टरांनी सहा महिने दिले होते, तेही हात राखून. बसच्या अंगावर हातभर लांबीची अक्षरं फुटपट्टीशिवाय काढणारा हा गडी, आता त्याला ब्रश डब्यात बुडवायचा तर आधी डबा चाचपावा लागे. त्याचं मागणं मात्र एकच उरलं होतं. नजर पुरती जायच्या आत वर्कशॉपच्या चेकर्सच्या, म्हणजे तिरक्या उड्यांनी सोंगट्या मारायच्या खेळाच्या, फायनलमध्ये स्टोअरकीपरला एकदा तरी हरवायचं. सात वर्षं तो फायनलला जायचा आणि सात वर्षं हरून यायचा. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणायच्या, देवाकडे डोळे मागायचे सोडून हे काय मागता?

मी सीटांचे कुशन शिवायचो, पेंटरचा जुना सोबती. यंदाच्या फायनलच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत विश्रांतीच्या खोलीत मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. बाकांवर माणसं, खिडकीत माणसं. आमचा एक वेल्डर तर हातातला घास हातातच धरून उभा होता. घास वाळला, पण तोंडात गेला नाही.

खेळ चालला होता तो बघवत नव्हता. स्टोअरकीपरच्या काळ्या सोंगट्या पाच, पेंटरच्या पांढऱ्या चार. पेंटर नाक पटाला टेकवून एकेक घर बघत होता. स्टोअरकीपर म्हणाला, "पेंटरदादा, वास घेऊन खेळता काय?" सगळे हसले. पेंटर हसला नाही. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळून कॉलरमध्ये चालला होता. एकदा हळूच मला म्हणाला, "डाव्या कोपऱ्यात काही दिसत नाही रे." सांगायची मला मनाई होती.

मग स्टोअरकीपरने घाई केली. त्याच्या मागच्या ओळीत घर राखणारी एकच सोंगटी होती. ती राखतेय तोवर पांढरी सोंगटी पलीकडे पोचून राजा होऊ शकत नव्हती. जिंकलोच आता, असं समजून त्याने ती पुढे सरकवली.

पेंटरने ते पाहिलं नाही, ऐकलं. सोंगटी पटावर घासल्याचा आवाज कुठून आला, ते त्याने ओळखलं. त्या घरापर्यंत नाक नेऊन त्याने खात्री केली, आणि मग मधली पांढरी सोंगटी एक घर पुढे ढकलली, सरळ दोन काळ्यांच्या तोंडात. लोक चुकचुकले. मलाही वाटलं, बिचाऱ्याला समोरच्या सोंगट्या दिसल्याच नाहीत.

डावीकडची काळी तिला मारू शकत नव्हती. मारून जिथे उतरायचं, त्या घरात पेंटरची दुसरी पांढरी बसली होती. उजवीकडची मात्र मारू शकत होती. स्टोअरकीपरने हात उचलला आणि तो वरच थांबला. मारल्यावर पुढे काय वाढून ठेवलंय, ते त्याला दिसलं. तो म्हणाला, "मी मारत नाही. तुम्ही माझी ही सोंगटी फुंका."

आमच्या वर्कशॉपमध्ये पहिल्यापासून तसंच चालायचं. मारायची संधी कुणी सोडली, की समोरच्याने ती सोंगटी फुंकून पटाबाहेर काढायची. नुकसान त्या एकीवरच भागायचं. पेंटरची मान खाली गेली. सात वर्षांनी एक डाव सुचला आणि तोही फुंकरीने उडणार.

पंच होता टायर बदलणारा म्हातारा. त्याने सावकाश मान हलवली. "साहेब, सगळेच विसरलात वाटतं. गेल्या वर्षी तुम्हीच भांडून नियम बदलून घेतलात. लोक तुमच्या आमिषाला बळी पडत नव्हते म्हणून. आता फुंकणं नाही. मारता येत असेल तर मारावंच लागतं."

स्टोअरकीपरने मारलं. त्याची काळी उडी मारून पेंटरच्या अगदी पुढ्यात येऊन पडली.

पेंटरने मागची सोंगटी उचलली. तिच्यावरून पहिली उडी. उतरला तिथून डावीकडच्या काळीवरून दुसरी. मग तिरका वळून, आत्ताच घर सोडून आलेल्या त्या राखणदारावरून तिसरी, थेट शेवटच्या ओळीत. एक देऊन तीन घेतल्या, वर राजा. पंचाने राजाची खूण म्हणून सोंगटीवर दुसरी सोंगटी ठेवली. पेंटर ती चाचपून म्हणाला, "दोन आहेत ना नक्की?"

काळ्या दोनच उरल्या, समोर राजासह तीन. स्टोअरकीपर चार-पाच चाली हट्टाने खेळला, मग उठला आणि हात पुढे केला.

पेंटर पटाकडेच बघत राहिला. स्टोअरकीपरचा हात तसाच लटकत राहिला. लोकांना वाटलं, माजला. मी पेंटरचं मनगट धरलं आणि त्याचा हात त्या हातात नेऊन ठेवला. तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं, की हा माणूस किती कमी पाहत होता. स्टोअरकीपरने तो हात बराच वेळ सोडला नाही.